टँकर चालवायचाय? ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पुरेसं नाही, लायसन्सवर ‘ही’ नोंद हवीच

मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधनाचे मोठे डेपो आहेत. समजा, 25 वर्षांचा एक चालक तिथे टँकरवर नोकरी मागायला गेला. त्याच्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स आहे, तीन वर्षं ट्रक चालवल्याचा अनुभव आहे आणि धोकादायक मालवाहतुकीच्या तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेटही आहे. तरी त्याला पेट्रोलचा टँकर मिळणार नाही.

कारण सर्टिफिकेट संस्था देते, तर परवानगी आरटीओ देतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 9 नुसार पेट्रोल, एलपीजी, अ‍ॅसिड असा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. मालाची आणि त्याच्या धोक्यांची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवावी लागते, गळती झाली तर तीच वाचून पावलं उचलायची असतात. त्यासोबत राज्य सरकारमान्य संस्थेतला कोर्स लागतो. पण हे सगळं झालं की चालक फक्त अर्ज करायला पात्र होतो. सर्टिफिकेट जोडून आरटीओकडे अर्ज केल्यावर लायसन्सवर तशी नोंद होते. कायद्याच्या नजरेत महत्त्व या नोंदीचं.

अनेक जण इथेच अडकतात. कोर्स होतो, सर्टिफिकेट लॅमिनेट होऊन फाइलमध्ये जातं आणि अर्ज राहून जातो. दुसरी अडचण म्हणजे संस्थेलाच मान्यता नसणं. मग फी भरूनही अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे प्रवेश घेण्याआधीच आरटीओत चौकशी केलेली बरी.

नोंद झाली की नाही, हे मोबाइलवर पाहता येतं. परिवहन पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की वैधतेच्या तारखा दिसतात. त्यात Hazardous Valid Till असा रकाना असतो. तिथे NA असेल, तर खिशात कितीही सर्टिफिकेटं असली तरी नोंद नाही.

तारीख असली तरी ती नीट वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं, धोकादायक मालाचं मात्र तीनच वर्षांसाठी. म्हणजे लायसन्स चालू असतानाही ही परवानगी संपलेली असू शकते. अशा वेळी अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. मालक भरतीच्या वेळी हा रकाना तपासतात ते म्हणूनच.

आणखी एक गैरसमज आहे. साध्या कारच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. पण धोकादायक मालाच्या गाड्यांना ती सवलत नाही. गॅस सिलिंडरचा छोटा टेम्पो असला तरी वेगळी नोंद लागतेच.