‘धारोष्ण’ दूध घरपोच

गोठ्यातून थेट घरी रतीब घालणाऱ्यांच्या जाहिरातीत चार-पाच ओळींचा मजकूर असतो आणि त्यात एक शब्द हमखास सापडतो: ‘धारोष्ण’. धार काढतानाच्या उबेचे, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सिअसचे दूध, असा त्याचा नेमका अर्थ. शब्द सुरेख आहे, पण शहरातल्या दारात येणाऱ्या दुधाला तो लागू पडत नाही. दूध खरोखरच तेवढे उबदार पोचले, तर ती काळजीची बाब ठरेल. ताज्या दुधात जंतूंना काही काळ रोखून धरणारे घटक असतात. तो काळ सरला की कोमट दुधातले जंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होत जातात. म्हणून धार काढल्यावर दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत थंड करायचे असते. एकच दूध धारोष्णही आणि व्यवस्थित थंड केलेलेही असू शकत नाही.

पुण्याच्या आसपासच्या एखाद्या तीस गायींच्या गोठ्याने आपल्या रतिबासाठी पुढील मजकूर लिहिला आहे असे समजू: “१००% शुद्ध, धारोष्ण, केमिकल-फ्री ए-टू दूध! पहाटे धार, सकाळी सहाला तुमच्या दारात!” लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. तरीही या दोन ओळींतला जवळपास प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो.

आधी वेळेचा हिशेब. तीस गायींच्या धारा यंत्राने काढायला साडेचारला सुरुवात केली, तर साडेपाच-पावणेसहा सहज होतात. नंतर दूध गाळायचे आणि बल्क कूलरमध्ये ओतायचे. साध्या कूलरला ते ४ अंशांवर आणायला बराच वेळ लागतो. दोन-तीन तास गेले तर नवल नाही. मग बाटल्या भरायच्या, गाडी लावायची आणि शहरातल्या गर्दीतून दारोदार जायचे. सकाळी सहाला दारात पोचलेली बाटली पहाटेच्या धारेची असेल, तर दूध पुरते थंड झालेले नाही; आणि थंडगार असेल, तर ते बहुधा काल संध्याकाळच्या धारेचे आहे. काढल्या काढल्या दूध थंड करणारे वेगळे यंत्र बसवलेले असेल तरच या हिशेबात सूट मिळते.

काल संध्याकाळचे दूध हे कमी प्रतीचे दूध नव्हे. लगेच थंड करून रात्रभर ४ अंशांवर ठेवलेले दूध सकाळी उबदार अवस्थेत पोचलेल्या दुधापेक्षा केव्हाही बरे. पण ‘कालचे’ म्हटले की गिऱ्हाईक बिचकेल, या भीतीने जाहिरातीत ‘पहाटे’ हा शब्द येतो आणि तिथेच चूक होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांच्या वापरावर अटी आहेत. म्हणून ‘ताजे’ या विशेषणावर विसंबण्यापेक्षा धार कधी काढली आणि दूध दारात कधी येईल, हे सांगणे सरळ. वेळही ठोक ‘सहा वाजता’ अशी न देता ‘सहा ते साडेसात’ अशी द्यावी, कारण शेवटच्या सोसायटीत गाडी उशिराच पोचते. एप्रिल-मेमध्ये दाराला टांगलेल्या पिशवीत दूध तासभर राहिले, तर गोठ्यावरची सगळी थंडाई वाया जाते. दूध लगेच आत घेण्याची सूचना म्हणूनच मजकुरात असावी.

पिशवी हलकी आणि एकदाच वापरायची असते. बाटली देखणी असली तरी ती धुण्याचे काम मोठे आहे. परत आलेल्या बाटलीच्या तळाशी दुधाचा पापुद्रा उरला, तर पुढचे दूध त्यात नासायला लागते. घरी बाटली आधी साध्या पाण्यानेच विसळावी, कारण कढत पाणी थेट ओतले की दुधातली प्रथिने काचेला चिकटून बसतात. बाटलीचे तोंड हुंगले तरी तिच्या स्वच्छतेचा अंदाज येतो. पारदर्शक काचेतल्या दुधाला उन्हाने विचित्र वास लागतो, हीसुद्धा बाटलीची एक मर्यादा. वेष्टन कोणतेही असो, त्यावर धारेची किंवा भरण्याची तारीख, ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही ओळ, माप आणि चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. ‘सीलबंद’ म्हणायचे, तर उघडल्याशिवाय न तुटणारे सील झाकणावर हवे. नुसते घट्ट झाकण म्हणजे सील नव्हे.

सर्वांत जपून वापरायचे शब्द म्हणजे दर्जाचे. ‘१००%’ या शब्दप्रयोगाबद्दल प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात उत्पादकांना सावध केले आहे, कारण नियमांत त्याची व्याख्याच नाही. ‘केमिकल-फ्री’ला तर अर्थच नाही, दूध स्वतःच पाणी, स्निग्धांश, प्रथिने आणि दुग्धशर्करा यांचे बनलेले असते. ‘हार्मोन-फ्री’ची गत तीच, कारण प्रत्येक दुधात नैसर्गिक संप्रेरके असतात. इंजेक्शन देत नसतील तर ‘पान्हा फुटण्यासाठी ऑक्सिटोसिन देत नाही’ असे स्पष्ट लिहावे. आजारी गायीला प्रतिजैविक द्यावे लागतेच. त्या गायीचे दूध औषधाच्या ठरलेल्या मुदतीपर्यंत वेगळे काढले जाते का, हा खरा प्रश्न. ते पाळले जात असेल तर नेमके तेवढेच सांगावे.

‘ए-टू’ची गोष्ट थोडी वेगळी. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू असे प्रकार असतात, आणि गीरसारख्या देशी गायींच्या दुधात बहुतांशी ए-टू आढळते. प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी असे दावे वेष्टनावरून काढायला सांगितले आणि पाचच दिवसांत ती सूचना मागे घेतली. दावा करायला आज मनाई नाही, याचा अर्थ तो सिद्ध झाला असा होत नाही. ‘ए-टू’ लिहून त्यापुढे ‘पचायला हलके’ जोडणे म्हणजे आरोग्याचा दावा करणे, आणि त्याला पुरावा लागतो. गोठ्यात संकरित गायी असतील, तर गायींच्या तपासणीशिवाय ए-टूचे नावच घेऊ नये. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता त्याच गोठ्याचा मजकूर पुन्हा लिहून पाहू. “आमच्या गोठ्यातले गायीचे दूध. काल संध्याकाळी धार, लगेच ४ अंशांपर्यंत थंड, रात्रीत काचेच्या सीलबंद बाटलीत भरलेले. सकाळी ६ ते ७:३० दरम्यान दारात. आले की फ्रिजमध्ये ठेवा. फॅट किमान ३.२%. दूध निरसे आहे, पाश्चराइज केलेले नाही, उकळूनच प्यावे.” वाचायला हे काहीसे कोरडे वाटेल, पण यातले प्रत्येक विधान गोठ्यावर जाऊन तपासता येते. ‘निरसे’ हा शब्द वगळून चालणार नाही, कारण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे रोग पसरू शकतात.

फॅटच्या आकड्यामागचा ‘किमान’ही तितकाच आवश्यक. गायीच्या दुधात निदान ३.२% स्निग्धांश असावा, असे मानक आहे. पण चारा बदलला, गाय नुकती व्यालेली असली किंवा ऋतू पालटला की प्रत्यक्षातला आकडा खालीवर होतो. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा सुरू झाला की साय पातळ येते आणि दुधात पाणी घातल्याचा संशय घेणारे फोन गोठ्यावर खणखणू लागतात. जाहिरातीत ठोक ‘४.५%’ छापलेले असेल, तर त्या फोनला द्यायला उत्तर उरत नाही.