समीकरण सोडवावे की उतार उतरावा?

लिनिअर रिग्रेशन म्हणजे आकड्यांच्या गर्दीतून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा शोधणे. ‘सर्वांत जवळून’ याचा अर्थ ठरलेला असतो. प्रत्येक नोंदीचा खरा आकडा आणि रेषेने सांगितलेला आकडा यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवायची. ही कल्पना लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथाच्या पुरवणीत छापली. कल्पना एकच असली, तरी ती कमीत कमी बेरीज गाठण्याच्या वाटा दोन आहेत. एक थेट समीकरण सोडवण्याची, तिला नॉर्मल इक्वेशन म्हणतात. दुसरी पायरीपायरीने उतरण्याची, ती ग्रेडियंट डिसेंट.

दोन्ही वाटा एका छोट्या काल्पनिक उदाहरणावर चालून पाहता येतात. चार सदनिका आहेत. त्यांची क्षेत्रफळे ४००, ६००, ८०० आणि १००० चौरस फूट, आणि किमती अनुक्रमे ४२, ५५, ७५ आणि ८८ लाख रुपये. शोधायचे आहेत दोन आकडे: क्षेत्रफळ काहीही असले तरी किमतीत धरावी लागणारी स्थिर रक्कम a, आणि दर चौरस फुटामागे वाढणारी रक्कम b.

वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी असते तिथे a किंवा b किंचित हलवला, तरी ती तेवढ्यापुरती बदलत नाही. ही अट लिहून काढली की दोन सरळ समीकरणे हाती येतात:

```
   4 a +    2800 b =    260
2800 a + 2160000 b = 197800
```

यातला ४ हा सदनिकांचा आकडा, २८०० ही क्षेत्रफळांची बेरीज, २१,६०,००० ही त्यांच्या वर्गांची बेरीज. उजवीकडे किमतींची बेरीज आणि क्षेत्रफळ गुणिले किंमत यांची बेरीज. पहिल्या समीकरणाला ७०० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की २,००,००० b = १५,८०० उरते. म्हणजे b = ०.०७९ लाख, अर्थात चौरस फुटाला ७,९०० रुपये, आणि a = ९.७ लाख. शाळेत शिकवतात तीच ही एकसामयिक समीकरणे. स्तंभ कितीही असले तरी कृती बदलत नाही, फक्त समीकरणांची संख्या वाढते. थोडक्यात लिहायचे तर XᵀXθ = Xᵀy; X हा नोंदींचा तक्ता, y किमती, θ हे शोधायचे आकडे.

नावातल्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘नेहमीचा’ असा नाही. भूमितीत लंब रेषेला नॉर्मल म्हणतात, तिथून तो शब्द आला आहे. या रेषेवर चार सदनिकांमधल्या चुका ०.७, −२.१, २.१ आणि −०.७ लाख येतात. त्यांची बेरीज शून्य आहे. प्रत्येक चुकीला तिच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज केली तरी ती शून्यच येते. चुका तक्त्यातल्या प्रत्येक स्तंभाला लंब असणे, ही रेषा नीट बसल्याची खूण. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

ग्रेडियंट डिसेंटची कल्पना कोशी याने १८४७ साली मांडली. तिच्यात समीकरण सोडवायचे नसते. a आणि b ला कोणतीही सुरुवातीची किंमत द्यायची, समजा शून्य, आणि तिथे चुकांच्या वर्गांचा उतार कोणत्या दिशेला आहे ते पाहून त्या दिशेने एक पाऊल टाकायचे. a ला सरासरी चुकीच्या प्रमाणात सरकवायचे, b ला ‘चूक गुणिले क्षेत्रफळ’ यांच्या सरासरीच्या प्रमाणात. किती प्रमाणात, हा आकडा आपण ठरवायचा. त्याला लर्निंग रेट म्हणतात. कागदावर हे सोपे दिसते, पण याच चार सदनिकांवर ते दोन वेगवेगळ्या प्रकारे फसते.

लर्निंग रेट ०.००००१ ठेवला, म्हणजे भलताच लहान वाटणारा. पहिल्या पावलात b ०.४९४५ वर जातो, खऱ्या किमतीच्या सहापट. दुसऱ्या पावलात तो −१.६८ होतो, तिसऱ्यात ७.८९. पाऊल दरीच्या तळावरून पलीकडच्या चढावर पडते, तिथून आणखी मोठे पाऊल अलीकडे, आणि आकडे फुगत जातात. ही चूक निदान लपत नाही: काहीशे पावलांत पडद्यावर `inf` किंवा `nan` दिसू लागते. या आकड्यांसाठी लर्निंग रेट सुमारे ०.०००००३७ च्या खालीच हवा.

दुसरी फसगत जास्त घातक, कारण ती यशासारखी दिसते. लर्निंग रेट ०.०००००१ केला की सुरुवात झकास होते. चुकांच्या वर्गांची बेरीज १८,१५८ पासून वीसेक पावलांत ४४.६ वर येते आणि तिथे थांबल्यासारखी दिसते. त्यानंतर पावलागणिक तिच्यातला फरक दशांश चिन्हानंतरच्या सहाव्या स्थानावर पडतो. ‘बदल ०.००००१ पेक्षा कमी झाला की थांब’ असे प्रोग्रॅमला सांगितले असेल तर तो इथेच थांबेल आणि b = ०.०९१६, a जवळजवळ शून्य, असे उत्तर देईल. खरी किमान बेरीज मात्र ९.८ आहे. लंबाची खूण इथे कामी येते: या रेषेच्या चुकांची सरासरी शून्य नसून सुमारे ०.९ लाख आहे. म्हणजे उतरण अजून संपलेली नाही, फक्त ती अतिशय मंद झाली आहे.

असे का होते? a आणि b यांच्या नकाशावर चुकांची दरी गोल वाटीसारखी नाही. ती अरुंद, लांबलचक घळ आहे. क्षेत्रफळाचे आकडे शेकड्यांत असल्याने b थोडा हलला की चुका प्रचंड बदलतात, a हलला तर फारशा बदलत नाहीत. घळीच्या भिंती इतक्या उभ्या की पाऊल लहान ठेवावे लागते, आणि तळ इतका सपाट की त्या लहान पावलांनी पुढे सरकणे होत नाही. भिंतीची वक्रता आणि तळाची वक्रता यांचे गुणोत्तर इथे सुमारे ५८ लाख येते. त्याला कंडिशन नंबर म्हणतात. या वेगाने a ला ९.७ च्या एक टक्का जवळ पोचायला जवळपास ५ कोटी पावले लागतील. चार सदनिकांसाठी!

उपाय अगदी साधा आहे. क्षेत्रफळातून सरासरी ७०० वजा करून उरलेल्याला १०० ने भागायचे. मग क्षेत्रफळे −३, −१, १ आणि ३ होतात, घळीची उथळ परडी होते आणि कंडिशन नंबर ५ वर येतो. लर्निंग रेट ०.१ ठेवला तर दर पावलाला b ची चूक निम्मी होते, a ची दहा टक्क्यांनी घटते. तेवढीच जवळीक ४४ पावलांत मिळते. याला स्केलिंग म्हणतात. समीकरण सोडवताना त्यावाचून सहसा अडत नाही. ग्रेडियंट डिसेंटमध्ये मात्र ते गाळून चालत नाही.

हे सगळे पाहिल्यावर प्रश्न पडतो की समीकरण दोन ओळींत सुटत असताना पावले मोजायचीच कशाला. नेहमीचे उत्तर असे दिले जाते की नोंदी खूप असल्या तर समीकरण जड जाते. ते अर्धेच खरे आहे. दहा लाख नोंदी आणि १०० स्तंभ असले, तरी शेवटी सुटायची ती १०० समीकरणेच. त्यांचे गुणक केवळ बेरजांचे बनलेले असतात, त्यामुळे नोंदी हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी वाचून बेरजा वाढवत नेता येतात. सगळा तक्ता एकदम मेमरीत असण्याची गरज नाही. साधारण हजार कोटी गुणाकारांचे हे काम साध्या लॅपटॉपला काही सेकंदांचे आहे.

अडचण आणतात ते स्तंभ. स्तंभ p असले तर समीकरणांचा तक्ता p × p आकाराचा होतो आणि तो सोडवण्याचे श्रम p च्या घनाच्या प्रमाणात वाढतात. दहा हजार स्तंभांना तो तक्ता ८०० एमबी जागा घेतो, हे अजून झेपते. एक लाख स्तंभ झाले की तोच ८० जीबी होतो आणि सोडवण्याचे श्रम हजारपट. मजकुरावर काम करताना प्रत्येक शब्दाला एक स्तंभ दिला, तर एक लाख ही सहज येणारी संख्या आहे. पण अशा तक्त्यात एका ओळीत शंभरेक शब्दच असतात, बाकी शून्ये. ग्रेडियंट डिसेंट ती शून्ये ओलांडून जाते, आणि दहा लाख ओळींवर एक पाऊल टाकायला वीस कोटींच्या आसपासच आकडेमोड लागते. समीकरणाचा तक्ता मात्र बनवताना शून्यांनी दिलेली ही सवलत बरीचशी गमावून बसतो. नोंदी सतत येत असतील तर एकेका नोंदीवर किंवा छोट्या गठ्ठ्यावर पाऊल टाकणारा स्टोकॅस्टिक प्रकार वापरतात. त्याचे उत्तर किमानाभोवती थरथरत राहते, म्हणून लर्निंग रेट हळूहळू कमी करत नेतात.

समीकरणालाही त्याचे दुखणे आहे. सदनिकांच्या तक्त्यात चौरस फुटांचा आणि चौरस मीटरचा असे दोन्ही स्तंभ ठेवले, तर दोघे सांगतात एकच गोष्ट, आणि समीकरणांना एकच एक उत्तर उरत नाही. कार्पेट एरिया आणि बिल्टअप एरिया एकत्र ठेवले तर उत्तर येते, पण ते कच्चे. एका स्तंभाचा भाव अवाच्या सवा, दुसऱ्याचा उणे, आणि दोन नोंदी काढल्या की दोन्ही उलटे. इथे स्केलिंग कामाला येत नाही. शिवाय XᵀX तयार करताना X चा कंडिशन नंबर वर्गाने वाढतो. संगणक साधारण सोळा अंकांपर्यंत अचूक असतो; X चा कंडिशन नंबर दहा कोटी असेल तर वर्गात ते सगळे अंक खर्ची पडतात.

म्हणूनच पाठ्यपुस्तकातले सूत्र जाणते लोक जसेच्या तसे चालवत नाहीत. R भाषेतली `lm` QR पद्धतीने आणि NumPy मधली `lstsq` SVD पद्धतीने थेट X वरच काम करते. उत्तर त्याच समीकरणाचे, पण XᵀX मध्ये पडल्यावाचून:

```python
theta = np.linalg.lstsq(X, y, rcond=None)[0]
```

थेट सुटणारे समीकरण मिळते ते मात्र चुकांचा वर्ग धरल्यामुळेच. वर्गाऐवजी चुकांची निव्वळ किंमत धरली, किंवा किमतीऐवजी ‘सदनिका महिन्याभरात विकली जाईल की नाही’ असे हो-नाहीचे उत्तर लॉजिस्टिक रिग्रेशनने काढायचे झाले, तर समीकरणे सरळ राहत नाहीत आणि एका दमात सोडवण्याचे सूत्रच उरत नाही. मग स्तंभ दोन असोत की दोन लाख, टप्प्याटप्प्यानेच उत्तराकडे जावे लागते.