झोपेच्या चार डब्या आणि दोनदा आलेले एकच औषध
लेखमाला : औषधाचं लेबल वाचताना – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण पॅरासिटामॉलची बेरीज केली. आज झोपेच्या औषधांची करू. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना ती विशेष उपयोगी पडेल. तिथे पोचल्यावर आठ-दहा दिवस शरीराचं घड्याळ जुळत नाही. जवळच्या फार्मसीत तर झोपेच्या गोळ्या, सिरप आणि गमीज बिनचिठ्ठीच्या फळीवर मांडलेल्या असतात. प्रत्येक डबीवर चंद्र आणि चांदण्या असतात, रंग निळा-जांभळा असतो. समोरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण फरक मागच्या बाजूला छापलेला असतो.

डबी फिरवली की मागे एक चौकट दिसते. आधी तिचा मथळा वाचायचा. ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ असेल तर तो आहारपूरक पदार्थ. मेलाटोनिन, व्हॅलेरियन, कॅमोमाइल, अश्वगंधा ही मंडळी याच चौकटीत असतात. १९९४च्या कायद्यानुसार असा पदार्थ बाजारात आणण्यापूर्वी तो परिणामकारक आहे, हे अमेरिकी औषध प्रशासनाला दाखवावं लागत नाही. मथळा ‘ड्रग फॅक्ट्स’ असेल तर आत औषध आहे, आणि झोपेच्या फळीवर ते औषध बहुतेक वेळा जुन्या पिढीतलं अँटिहिस्टामिन असतं. मुळात ॲलर्जीवरचं औषध. त्यानं येणारी गुंगी हा त्याचा दुष्परिणाम, आणि इथे तीच गुंगी विकली जाते.

कायद्यानं या दोन चौकटी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यामुळे मेलाटोनिन, वनस्पती आणि अँटिहिस्टामिन यांचा एकत्रित डोस बहुतेकदा एका बाटलीतून येत नाही. तो घरी, दोन-तीन बाटल्यांमधून तयार होतो आणि कोणाच्याच लेबलवर छापलेला नसतो. भर म्हणजे एकाच ब्रँडच्या नावाखाली दोन्ही प्रकार मिळतात. ‘झीक्विल’चं मूळ सिरप डायफेनहायड्रामिनचं आहे, तर त्याच नावाच्या ‘प्युअर झीज’ गमीजमध्ये मेलाटोनिन आणि वनस्पती आहेत. ‘युनिसॉम’च्या गोळीत डॉक्सिलामिन असतं आणि त्याच नावाच्या जेल कॅप्सूलमध्ये डायफेनहायड्रामिन. म्हणून ब्रँडच्या नावावर विसंबू नका. चौकटीत अगदी वर ‘ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट’ अशी ओळ असते, तिथलं नाव वाचा.

आता एक उदाहरण मांडून पाहू. अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ पुण्याहून न्यू जर्सीला मुलीकडे आलेत असं समजा. झोप येत नाही, गुडघा ठणकतोय आणि विमानातली सर्दी अजून हटलेली नाही. रात्री ते चार गोष्टी घेतात, त्याही प्रत्येक डबीवर लिहिलेल्या मात्रेतच.

पहिली, दुखण्यावरची ‘पीएम’ गोळी. नावापुढे ‘पीएम’ असेल तर वेदनाशामकाच्या जोडीला झोप आणणारं औषध आहे असं समजावं. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम ॲसिटामिनोफेन आणि २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन असतं, आणि मात्रा दोन गोळ्यांची. दुसरी, झोपेची जेल कॅप्सूल. तिच्यात ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन. तिसरं, रात्रीचं सर्दीचं सिरप. त्याच्या ३० मिलिलिटरमध्ये साडेबारा मिलिग्रॅम डॉक्सिलामिन आणि ६५० मिलिग्रॅम ॲसिटामिनोफेन. चौथी, गमीज. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मेलाटोनिन’ आणि खाली वनस्पतींची नावं.

बेरीज करू. डायफेनहायड्रामिन दोन ठिकाणांहून आलं, एकूण १०० मिलिग्रॅम. झोपेसाठी एका रात्रीची मात्रा ५० आहे, म्हणजे इथेच ती दुप्पट झाली. डॉक्सिलामिनचं नाव वेगळं असलं तरी तेही त्याच जातीचं अँटिहिस्टामिन, त्यामुळे त्याचा परिणाम या शंभरावर आणखी चढतो. ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. ते १६५० मिलिग्रॅम झालं. दिवसभरात भारतातून नेलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही यातच धरायच्या.

या बेरजेत एक फसवी जागा आहे. काही डब्यांवर ‘डायफेनहायड्रामिन सायट्रेट ३८ मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. हा फक्त क्षाराचा फरक. ३८ मिलिग्रॅम सायट्रेट आणि २५ मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड यांत औषध सारखंच असतं. ड्रग फॅक्ट्समध्ये इशाराही छापलेला असतो : डायफेनहायड्रामिन असलेलं दुसरं कोणतंही उत्पादन, अगदी त्वचेवर लावायचंसुद्धा, सोबत वापरू नका. खाज थांबवणाऱ्या काही मलमांमध्येही हेच औषध असतं. आपल्याकडच्या काही खोकल्याच्या सिरपमध्येही ते असतं, म्हणून बॅगेतली बाटलीसुद्धा तपासा.

आता गमीज. इथे आधी ‘सर्व्हिंग साइझ’ पाहायचा. पुढे ‘१० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असेल आणि सर्व्हिंग दोन गमीजचं असेल, तर एका गमीत ५ मिलिग्रॅम आलं. लेबलवरचा आकडाही खरा निघेलच असं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमीज तपासल्या, तेव्हा २२ उत्पादनांमधलं प्रमाण लेबलशी जुळलं नाही. मेलाटोनिन असलेल्या गमीजमध्ये ते छापील आकड्याच्या ७४ ते ३४७ टक्के निघालं, आणि एका उत्पादनात तर मेलाटोनिनच नव्हतं. एकाच्या जोडीला दुसरं मेलाटोनिन घेऊ नये, याचं हेही कारण आहे.

त्याखाली ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहिलेलं असतं. त्यात वनस्पतींची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं येतात, पण आकडा फक्त संपूर्ण मिश्रणाचा. व्हॅलेरियन किती आहे ते कळत नाही. आपल्याकडची तगर व्हॅलेरियनच्याच वंशातली. ‘केएसएम-६६’ किंवा ‘सेन्सोरिल’ ही अश्वगंधेच्या अर्काची व्यापारी नावं आहेत. त्यामुळे घरून नेलेलं अश्वगंधा चूर्ण आणि ही गमी मिळून एकाच वनस्पतीची दोन मापं होतात. मिश्रणातली बेरीज करणं शक्य नसतं. म्हणून अँटिहिस्टामिन घेतलेल्या रात्री असं मिश्रण घेऊच नये.

वयाचा भाग इथे फार महत्त्वाचा आहे. डायफेनहायड्रामिन शरीरातून बाहेर पडायला वृद्धांना तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. रात्री अकराला घेतलेल्याचा मोठा भाग सकाळी अंगात असतोच, आणि पहाटे दोनला आणखी एक गोळी घेतली की तीही त्यावर चढते. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स यादीत पासष्टीपुढच्यांनी ही जुनी अँटिहिस्टामिन टाळावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, बद्धकोष्ठ होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते. रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, सकाळी माणूस असंबद्ध बोलतो. घरचे याला जेट लॅग समजतात आणि रात्री पुन्हा तीच गोळी देतात. असं काही दिसलं तर सगळ्या डब्या पुढ्यात घेऊन पॉयझन हेल्पला १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर फोन करा. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट ९११.

वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांना चारपैकी बहुतेक काही लागतच नाही. गुडघ्यासाठी ‘पीएम’ नसलेली साधी पॅरासिटामॉलची गोळी, सर्दीसाठी रात्रीच्या सिरपऐवजी नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे. झोपेसाठी काही घ्यायचंच असेल तर एकच साधं मेलाटोनिन, कमी मात्रेचं, वनस्पती नसलेलं. तेही नेहमीच्या औषधांची यादी काउंटरमागच्या फार्मसिस्टला दाखवल्यानंतरच. हा सल्ला तिथे फुकट मिळतो. झोपेचा त्रास सलग दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर डॉक्टरांना विचारा, असं ड्रग फॅक्ट्सच्या चौकटीतच लिहिलेलं असतं.

पुढील भागात : बीपीच्या गोळ्या चालू असताना सर्दीची औषधं.