वाद घातलास, तर वाटा गेला

रतन टाटा 9 ऑक्टोबर 2024 रोजी गेले. त्यांचे 23 फेब्रुवारी 2022 चे मृत्युपत्र आणि त्याला जोडलेली चार पुरवणीपत्रे यांबद्दल छापून आलेल्या मजकुरात एक अट ठळकपणे पुढे आली: जो या मृत्युपत्राला आव्हान देईल त्याला त्यातले काहीही मिळणार नाही. सोलापुरात एखाद्या टॉवेल कारखानदाराने वकिलाकडे बसून केलेल्या मृत्युपत्रातही हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत असते, आणि अनेकदा ते शेवटच्या परिच्छेदात, साक्षीदारांच्या सह्यांच्या थोडे वर येते. लिहून घेणाऱ्याला वाटते की आता पोरे भांडणार नाहीत. माझे म्हणणे असे की ही अट आपल्या कायद्यात चालते, पण ती राखते त्यापेक्षा भीती जास्त घालते. तिची खरी ताकद कोर्टापेक्षा लाभार्थ्याला काय दिले आहे यावर ठरते.

भारतीय वारसा अधिनियम, 1925 मध्ये या अटीचे वेगळे कलम नाही. तिला आधार द्यायचा तर कलम 134 कडे जावे लागते. एखादी अनिश्चित घटना घडली किंवा घडली नाही तर दिलेले दान संपेल, अशी अट घालता येते, असे ते कलम सांगते. कायद्याने तिथे उदाहरणही दिले आहे: शेत एकाला हयातभरासाठी दिले, पण त्याने अमुक झाडी तोडली तर हक्क संपेल, त्याने झाडी तोडली आणि हक्क गेला. झाडी तोडण्याच्या जागी ‘दावा दाखल करणे’ घाला, की आपली अट तयार. हिंदूंच्या मृत्युपत्रांनाही हे कलम लागू होते. त्याच्या जोडीला कलम 127 आहे: बेकायदा किंवा अनैतिक अटीवर दिलेले दान रद्दबातल. आव्हान देऊ नको, असे सांगणे बेकायदा आहे का, हा सगळ्या वादाचा गाभा.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आपल्यापेक्षा फार आधी आला. 1846 च्या ‘कुक विरुद्ध टर्नर’ खटल्यात बापाने मुलीला अट घातली होती की तिने मृत्युपत्राबद्दल वाद घातला तर तिचा वाटा जाईल. कोर्टाने ती टिकवली. कॅनडातून आलेल्या ‘एव्हांतुरेल’ खटल्यात 1874 साली प्रिव्ही कौन्सिलनेही तसेच केले, आणि तेच प्रिव्ही कौन्सिल त्या काळी आपलेही अखेरचे न्यायालय होते. 2002 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयासमोर ‘नेथन विरुद्ध लिओनार्ड’ आला, तेव्हा न्यायाधीशांनी तत्त्व मान्य केले, पण शब्द इतके ढिसाळ होते की ती विशिष्ट अट कोसळली. भारतातल्या लिखाणात नेमके हेच दुर्लक्षिले जाते. अशी अट कायद्याला चालते का, हा प्रश्न सोपा. तिचे शब्द कशाला लागू होतात, हा अवघड.

आता सोलापूरचे उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण यातले काहीच अनोळखी नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत बापाने स्वतः कमावलेली यंत्रमागांची शेड. आई हयात नाही, एक मुलगा, एक मुलगी. मृत्युपत्रात शेड मुलाला, दहा लाखांची मुदत ठेव मुलीला, आणि शेवटी ती अट. मुलीला वाटते की सही बापाची नाही. ती दावा लावते. ती जिंकली तर मृत्युपत्रच पडते, आणि पडलेल्या मृत्युपत्रातली अट तिला कशी बांधणार? मग शेडसकट सगळ्यात तिचा निम्मा वाटा. ती हरली तर दहा लाख गेले, असे अट म्हणते. पण ते कोणाकडे जाणार? मृत्युपत्रात ‘उरलेली सर्व मिळकत अमक्याला’ असे कलम नसेल, तर ती रक्कम विनामृत्युपत्र ठरते आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा व मुलगी यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे हरलेल्या मुलीलाही पाच लाख परत! जप्त झालेला वाटा कुणाला, हे न लिहिणारा वकील अर्धी अट लिहितो.

तीच शेड वडिलोपार्जित निघाली तर चित्र पालटते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाला मृत्युपत्राने फक्त आपला हिस्सा देता येतो. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा त्याच्या हातात नसतो. तिने वाटणीचा दावा केला तर ती मृत्युपत्र खोटे म्हणत नाही, ‘हे तुमचे नव्हतेच’ एवढेच म्हणते. अटीतले ‘आव्हान’ यात येते की नाही, हे शब्दांवर ठरेल. वाटा जप्त करणारी कलमे कोर्ट ताणून वाचत नाही. तरी तिने निर्धास्त राहू नये. कलम 180 प्रमाणे, जो माणूस दुसऱ्याची मालमत्ता मृत्युपत्राने वाटतो, त्याच्याकडून मिळणारे दानही घ्यायचे आणि आपली मालमत्ताही राखायची, असे करता येत नाही. निवड करावी लागते. त्यामुळे अट नसतानाही ठेव सोडावी लागू शकते. तिने ठेव आधीच मोडून घेतली असेल, तर वाद घालण्याआधी तो पैसा परत करण्याची तयारी ठेवावी लागेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो: नागरिकाचा कोर्टात जाण्याचा हक्क बाप कागदावर कसा काढून घेईल? मला तो अर्धवट वाटतो. अट दार बंद करत नाही, दाराबाहेर तिकीट ठेवते. बापाने मुलीला काहीच दिले नसते तरी स्वकष्टार्जित मिळकतीपुरते ते त्याच्या अधिकारात होते. मग अटीसह देणे त्याला का चालू नये? दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे: ज्याने बापाचा हात धरून सही घेतली, तोच ही अट घालायला लावेल, आणि बहीण भीतीपोटी गप्प बसेल. यावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी उपाय काढला की आव्हान देण्यास रास्त कारण असेल तर वाटा जात नाही. फ्लोरिडात तर अशी अट कायद्यानेच निष्फळ आहे. आपल्या कलम 134 मध्ये प्रामाणिकपणाची सूट नाही. ती कोर्टाने आणावी, असे मला वाटते. सूट दिली तर अट दातपडकी होईल, हे मान्य नाही: बनाव करून किंवा नुसता त्रास द्यायला दावा लावणाऱ्याचा वाटा तरीही जाईलच.

शिवाय कोर्टाकडे स्वतःचे हत्यार आहेच. 1959 च्या ‘वेंकटाचल अय्यंगार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने ते सिद्ध करायचे; संशयास्पद परिस्थिती असेल, किंवा ज्याला मोठा लाभ त्यानेच ते करवून घेतले असेल, तर शंका त्यानेच दूर करायची. कोर्टाचे समाधान हे लाभार्थ्याच्या गप्प बसण्यावर अवलंबून नाही. मृत्युपत्रात कितीही भीती घातली तरी मरणाऱ्याला सही करताना शुद्ध होती का, दोन साक्षीदारांनी नियमाप्रमाणे साक्षांकन केले का, हे कोर्ट विचारणारच. फक्त हे प्रश्न उभे करायला कोणीतरी कोर्टात आले पाहिजे. मुंबईबाहेर, सोलापुरात, हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घ्यावेच लागत नव्हते, त्यामुळे पुष्कळ मृत्युपत्रे सिटी सर्व्हेच्या फेरफारातच पहिल्यांदा उजेडात येतात. तिथे बहिणीने हरकत घेतली तर ते ‘आव्हान’ झाले का? माझ्या मते, ‘कोर्टात आव्हान’ असे लिहिले असेल तर नाही; ‘कोणत्याही प्रकारे हरकत’ असे लिहिले असेल तर भाऊ तसे म्हणायला मोकळा.

टाटांच्या मृत्युपत्राबाबत या भीतीतून कशी वाट निघाली ते पाहण्यासारखे आहे. मृत्युपत्रात स्पष्ट नाव न घेतलेल्या शेअर्सचे काय, हा प्रश्न पुरवणीपत्रातून उभा राहिला. तो मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्थ लावून मागण्याच्या अर्जाने नेला, आणि जून 2025 मध्ये कोर्टाने ते शेअर्स टाटांच्या दोन धर्मादाय संस्थांना समान द्यावेत असे ठरवले. एका मोठ्या लाभार्थ्याने आपल्या वाट्याच्या मूल्याबद्दल आधी प्रश्न उपस्थित केल्याच्या बातम्या होत्या. पुढे त्यानेही प्रोबेटला संमती दिली असे छापून आले. अर्थ विचारणे हे आव्हान नाही, म्हणून त्यापायी कुणाचा वाटा जाण्याचा प्रश्न नव्हता.

यातून मसुदा लिहिणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात. ज्या मुलीला एक रुपया लिहिला तिला अटीची भीती नसते, कारण गमावायला काहीच नाही. भीती तिथेच चालते जिथे देणे पुरेसे मोठे आहे. आणि आव्हान म्हणजे नेमके काय ते मोजून लिहावे लागते: खोटेपणाचा दावा की वाटणीचाही, कोर्ट की सिटी सर्व्हे कार्यालयही, आणि हरल्यावर रक्कम कुणाकडे. सोलापुरातल्या त्या यंत्रमागवाल्याच्या मृत्युपत्रात सरसकट एकाच ओळीत हे सगळे गुंडाळलेले असते, आणि कोर्टात त्याच एका ओळीवर दोन्ही बाजूंचे वकील वर्षानुवर्षे बोलतात.