सारांश बरोबर आहे का?



आमच्या गटातल्या एका ताईकडे भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली. वडील १९९८ सालीच वारले, तेव्हा तुझा हिस्सा नाहीच, असं त्यांचं म्हणणं. गटातल्याच एकीची लेक वकिलीचं शिकते. तिनं विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा एक पानी सारांश लिहून आणला. बैठकीत वाचण्याआधी आम्ही दोघींनी तो मूळ निकालाशी ताडून पाहिला.

आधी हकिकत. तिनं लिहिलं होतं, "नवा कायदा आल्यावर वडील वारले." इथंच घोटाळा. मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, आणि विनीताचे वडील ११ डिसेंबर १९९९ लाच वारले होते. दिल्ली उच्च न्यायालयानं तिला नकार दिला तो याच कारणानं. तारीख उलटी पडली, तर भांडण कशाचं होतं तेच कळत नाही.

मग मुद्दा. "मुलीला हिस्सा मिळावा का?" हे फारच ढोबळ झालं. खरा प्रश्न होता, २००५ च्या त्या दिवशी वडील हयात नसतील तरी मुलीला हा हक्क मिळतो का? आधीच्या दोन निकालांचा यावर मेळ बसत नव्हता, म्हणून तीन न्यायाधीशांपुढे तो गेला.

कारणमीमांसा तिनं एका ओळीत उरकली होती, "स्त्री-पुरुष समान आहेत म्हणून." ऐकायला छान, पण निकालाचा कणा वेगळा आहे. न्यायालय म्हणतं, हा हक्क वडिलांच्या मरणानं मिळत नाही, मुलाप्रमाणेच मुलीलाही जन्मानं मिळतो. जन्मानं मिळालेल्या हक्काला वडील कधी वारले याची अट कशी लागेल? ही पायरी गाळली, तर ताईच्या भावांना उत्तरच देता येत नाही.

शेवटी निर्णय. तिनं लिहिलं, "वडिलांच्या सगळ्या मालमत्तेत मुलीला समान वाटा." यानं तर ताईची फसगतच झाली असती. ११ ऑगस्ट २०२० चा हा निकाल वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेपुरता आहे, वडिलांनी स्वतः कमावलेल्या जमिनीबद्दल नाही. शिवाय २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. तोंडी वाटणी झाली होती, एवढं नुसतं सांगणं मात्र चालत नाही. सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल, तरच ती अपवाद म्हणून मानतात.

पोरीनं पान पुन्हा लिहिलं. ताईनं सही थांबवली आहे. वाटणीचा दस्त कधी नोंदला गेला होता का, हे बघायला ती सोमवारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाणार आहे.