वास गल्लीभर, मग डब्यात काय?

काशीत रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागातल्या मराठी घरांत गोडा मसाला अजून घरी होतो. धणे-जिरे गोला दीनानाथच्या बाजारातून येतात, उन्हाळ्यात भाजले जातात आणि वर्षभराचा डबा भरतो. त्यामागचा युक्तिवाद ठरलेला: ‘खरपूस भाजलं की मसाला वर्षभर टिकतो. वास बघा, गल्लीत पोचतोय!’

अहो, गल्लीत पोचला तो वास डब्यातून वजा झाला! धण्या-जिऱ्याचा सुगंध म्हणजे त्यांच्यातलं उडून जाणारं तेल. भाजताना ते तापतं आणि काही अंश हवेत जातो. भाजण्यात दोन फायदे मात्र खरे आहेत. आतला ओलावा कमी होतो, त्यामुळे बुरशीची भीती घटते आणि दळणही बारीक होतं. शिवाय कच्च्या दाण्यात नसलेला नवा खमंगपणा तयार होतो. पण तोही उडणाराच. दाणा अख्खा असेपर्यंत तेल आत कोंडलेलं राहतं. दळलं की प्रत्येक कण उघडा पडतो. अन्नशास्त्रावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅकगी अख्ख्या मसाल्याला साधारण वर्ष देतात आणि दळलेल्याला काही महिनेच.

गोड्या मसाल्यात तर सुकं खोबरं आणि तीळ असतात. त्यांचं तेल उडत नाही, हवा लागून खवट होतं. श्रावणात डबा उघडल्यावर धण्याआधी जुन्या खोबरेल तेलाचा वास आला, तर समजावं.

मग करायचं काय? पाव किलो धणे आणि ५० ग्रॅम जिरे घेतले, तर दोन्ही वेगवेगळे भाजा, कारण धणे रंगावर येईपर्यंत जिरं करपतं. आच मंद, हात सतत फिरता. धणे एक छटा गडद झाले आणि दाताखाली कुरकुरीत लागले की उतरवा. कढईतच ठेवले तर तिच्या उष्णतेने ते पुढे भाजत राहतात, म्हणून लगेच परातीत पसरा. लवंग, दालचिनी नुसती गरम करा. खोबरं-तीळ शेवटी. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर वाफ धरून गुठळ्या होतात. एवढं दीड-दोन महिन्यांना पुरे. बाकीचे धणे-जिरे कच्चेच, अख्खे ठेवा.

खलबत्त्याशिवाय चव नाही, हे अर्धसत्य: मिक्सर थांबत थांबत फिरवला तर मसाला तापत नाही. जुना मसाला विषारी होतो, हेही खरं नाही. कोरडा असेल तर तो बहुधा फक्त फिका होतो, बुरशी दिसली तर मात्र टाकायचा. फ्रिजमध्ये ठेवलात तर बरणी बाहेर काढल्याबरोबर उघडू नका, गार मसाल्यावर दमट हवेचं पाणी धरतं.

आणि शेगडीवरच्या फळीवर काचेच्या बरण्यांची ती देखणी रांग? उष्णता, वाफ आणि उजेड, तिन्ही एकाच जागी. त्यातला चिमूटभर मसाला तळहातावर चोळून हुंगा. नाक जवळ न्यावं लागलं, तर आमटीत दुप्पट घालून तो संपवा.