तीन टिंबांची जबाबदारी

समजा, एका गावाच्या पाणीयोजनेवर लेख लिहायचा आहे आणि पाहणी समितीच्या अहवालात असं वाक्य आहे (उदाहरणासाठी मीच रचलेलं): "पाइपलाइन पूर्ण झाल्यापासून, म्हणजे गेल्या दोन वर्षांत, गावात टँकर आलेला नाही, मात्र मार्च ते मे या काळात वरच्या वाडीला आठवड्यातून दोनच दिवस पाणी मिळते."

वाक्य लांब आहे, म्हणून थोडं गाळावंसं वाटतं. "पाइपलाइन पूर्ण झाल्यापासून ... गावात टँकर आलेला नाही. मात्र मार्च ते मे या काळात वरच्या वाडीला आठवड्यातून दोनच दिवस पाणी मिळते." इथे तीन टिंबांनी फक्त खुलासा गाळला आहे, म्हणणं शाबूत आहे. पण "गावात टँकर आलेला नाही..." एवढ्यावरच थांबलं, तर तक्रार नोंदवणारा अहवाल शाबासकी देणारा होऊन बसतो. शब्द सगळे समितीचेच, टिंबंही नियमाला धरून, तरीही हे खोटं अवतरण आहे. ओळखायची रीत सोपी आहे: गाळलेलं परत जागेवर ठेवून वाचावं. आपला निष्कर्ष डगमगला, तर ते गाळायचं नव्हतं. "मात्र", "पण", "जर" यांच्या आसपास कात्री चालवताना तर फारच जपावं.

पुष्कळदा अख्खं वाक्य लागतही नाही. "वरच्या वाडीला उन्हाळ्यात 'दोनच दिवस' पाणी मिळतं, असं समिती म्हणते. त्या 'दोनच'मधल्या 'च'मुळे अहवालाची नाराजी कळते; नुसतं 'दोन' असतं तर ती निव्वळ नोंद ठरली असती." अवतरण लेखात मुरतं ते असं: त्यातल्या नेमक्या शब्दाला आपलं विवेचन भिडलं की. नुसतं वाक्य डकवून पुढच्या मुद्द्याकडे वळलं, तर त्याचा अर्थ लावायचं काम वाचकावर पडतं.

मराठीत एक अडचण विभक्तीची. "दोनच दिवस" याला प्रत्यय जोडायला गेलं की "दोनच दिवसांवर" होतं आणि चिन्हांच्या आतला मूळ शब्द बदलतो. त्यापेक्षा "'दोनच दिवस' या शब्दांवर" असं लिहावं. अवतरणात स्पष्टीकरणाचा शब्द घालावाच लागला, तर तो चौकोनी कंसात द्यावा.

मोठा उतारा समास सोडून वेगळा मांडतात आणि त्याला अवतरणचिन्हं लावत नाहीत. किती मोठा, याचे संकेत वेगवेगळे आहेत. इंग्रजी शोधनिबंधांच्या एपीए पद्धतीत ही मर्यादा 40 शब्दांची आहे. आपल्याकडे "असे ते म्हणतात" शेवटी येण्याची सवय आहे. छोट्या अवतरणाला ती शोभते, पण दहा ओळींच्या उताऱ्यात कोण बोलतंय हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून नाव आणि उतारा देण्याचं कारण आधी सांगावं, आणि उतारा संपताच त्यातल्या एखाद्या शब्दाला धरूनच आपलं पुढचं वाक्य सुरू करावं.